कलम ३ की कलम ४? पुरवठा तोडला गेलेल्या तक्रारदारासमोरच्या दोन वाटा

प्रयोगशाळांतील तपासणी यंत्रांची दुरुस्ती करणारा एक स्वतंत्र व्यावसायिक डोळ्यासमोर आणू या. यंत्र एकाच उत्पादकाचे असून त्याचे सुटे भाग इतकी वर्षे उत्पादकाकडून थेट किंवा त्याच्या वितरकांकडून मिळत होते. एके दिवशी उत्पादक कळवतो की यापुढे बाहेरच्या दुरुस्तीवाल्यांना भाग मिळणार नाहीत. वितरकाकडे विचारणा केली, तर तो म्हणतो, "माल आहे, पण बाहेर विकायला आम्हाला मनाई आहे." दुरुस्तीवाल्याला भारतीय स्पर्धा आयोगाकडे जायचे आहे. स्पर्धा अधिनियम, २००२ मध्ये अशा तक्रारीला 'माहिती' म्हणतात आणि ती लिहायला बसताच पहिला प्रश्न उभा राहतो : कलम ३ खालील स्पर्धाविरोधी करार म्हणायचे, की कलम ४ खालील वर्चस्वाच्या स्थानाचा गैरवापर?

अनेक तक्रारींत दोन्ही कलमे एका दमात लिहिलेली आढळतात आणि पुढचा मजकूर मात्र दोहोंपैकी कुणाचाच नसतो. अशी माहिती प्रथमदर्शनीच, महासंचालकांकडे चौकशीसाठी न जाता, बंद होण्याची शक्यता फार. म्हणून आधी वेगळे करायला हवे ते हे की दुरुस्तीवाल्याला एक नव्हे, दोन नकार मिळालेले आहेत.

पहिला नकार उत्पादकाचा स्वतःचा आहे. त्यात दुसरा पक्ष नाही, कुणाशी काही ठरलेले नाही, त्यामुळे तिथे कलम ३ ला पकडायला काही सापडत नाही. एकट्याने केलेले वर्तन कलम ४ मध्येच बसते आणि बाजारात प्रवेश नाकारणे हा त्या कलमाने स्पष्टपणे नोंदवलेला गैरवापर आहे. दुसरा नकार वितरकाचा आहे, आणि तो त्याच्या मर्जीचा नसून उत्पादकाने घातलेल्या अटीचा आहे. माल कुणाला विकायचा यावर बंधन घालणारा करार कलम ३(४) मध्ये येतो. 'करार' या शब्दाने बिचकण्याचे कारण नाही. अधिनियमातील व्याख्येप्रमाणे तो लेखी असण्याची किंवा न्यायालयात अंमलात आणता येण्याजोगा असण्याची गरज नाही, नुसती समजूतही पुरते. म्हणजे "आम्हाला मनाई आहे" हे वाक्य तक्रारीच्या दृष्टीने उत्पादकाच्या लांबलचक पत्राइतकेच मोलाचे आहे, मात्र ते कुठेतरी लिहून मिळालेले हवे.

सिद्ध काय करायचे

कलम ३ मध्येही दोन थर आहेत आणि त्यांची गल्लत महागात पडते. प्रतिस्पर्ध्यांनी आपसात किंमत ठरवणे, बाजार वाटून घेणे, निविदेत संगनमत करणे यांना कलम ३(३) लागू होते आणि स्पर्धेवर लक्षणीय प्रतिकूल परिणाम झाल्याचे कायदा तिथे गृहीत धरतो. ते खोडून काढण्याचे ओझे समोरच्यावर असते. उत्पादक आणि वितरक मात्र एकमेकांचे प्रतिस्पर्धी नसून एकाच साखळीतील वरखालचे दुवे आहेत. त्यांच्या करारांना कलम ३(४) लागते आणि तिथे कोणतेही गृहीतक नाही, त्यामुळे परिणाम दाखवावाच लागतो. तो तोलताना आयोग एका पारड्यात नव्या स्पर्धकांसमोरचे अडथळे, असलेल्या स्पर्धकांची हकालपट्टी आणि बाजाराचे दरवाजे बंद होणे या गोष्टी टाकतो. दुसऱ्या पारड्यात ग्राहकांचा लाभ, उत्पादन वा वितरणातील सुधारणा आणि तांत्रिक व आर्थिक विकास असतो.

कलम ४ च्या वाटेवर तीन पायऱ्या आहेत : संबंधित बाजारपेठ ठरवणे, त्या बाजारपेठेत वर्चस्व आहे हे दाखवणे, आणि मग गैरवापर दाखवणे. भारतीय कायद्यात वर्चस्वासाठी बाजारहिश्शाची ठरावीक टक्केवारी नाही. स्पर्धेच्या ताकदींची पर्वा न करता वागता येण्याइतके किंवा बाजार, स्पर्धक व ग्राहक यांना आपल्या बाजूने वळवता येण्याइतके बळ आहे का, हा निकष आहे. माझ्या मते ही वाट बहुतेक वेळा दुसऱ्या वा तिसऱ्या पायरीवर नव्हे, तर पहिल्याच पायरीवर तुटते. उत्पादक म्हणणार की बाजार 'तपासणी यंत्रांचा' आहे आणि त्यात आपण पाचांपैकी एक आहोत. दुरुस्तीवाल्याने म्हणायला हवे की बाजार 'या यंत्राच्या सुट्या भागांचा' आहे आणि त्यात उत्पादक एकटाच आहे.

हाच वाद मोटारींच्या सुट्या भागांच्या प्रकरणात झाला. शमशेर कटारिया यांच्या माहितीवरून सुरू झालेल्या या प्रकरणात आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे ₹२,५४४ कोटींचा दंड केला. भारतातील सरासरी उलाढालीच्या २ टक्के असे त्याचे प्रमाण होते. कंपन्यांचा युक्तिवाद असा की गाडी घेताना ग्राहक पुढच्या देखभालीचा खर्चही मनात धरतो, म्हणून गाडी आणि भाग मिळून एकच बाजार मानावा. आयोगाने ते मान्य केले नाही. गाडीच्या आयुष्यभराचा देखभाल खर्च खरेदीच्या वेळी मोजता येईल एवढी माहिती ग्राहकाजवळ नसते, आणि एकदा गाडी घेतल्यावर केवळ भाग महाग आहेत म्हणून ती बदलणे परवडत नाही. त्यामुळे प्रत्येक कंपनी आपापल्या भागांच्या बाजारात वर्चस्वाच्या स्थानी ठरली. बाकी बाजारात जेमतेम हिस्सा असलेली कंपनीसुद्धा त्यातून सुटली नाही.

याच निर्णयात दोन्ही वाटा एकाच वेळी चाललेल्या दिसतात. कंपन्यांनी स्वतंत्र गॅरेजांना भाग व निदान उपकरणे न देणे कलम ४ मध्ये गेले. भाग बनवणाऱ्यांनी खुल्या बाजारात विकू नये आणि अधिकृत विक्रेत्यांनी काउंटरवरून भाग देऊ नयेत, या करारांतील अटी कलम ३(४) मध्ये गेल्या. प्रत्येक कलमाला स्वतःचे वर्तन आणि स्वतःचा पुरावा होता, म्हणून दोन्ही टिकली. अपिलीय न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये तीन कंपन्यांच्या बाबतीत उल्लंघनाचा निष्कर्ष कायम ठेवला.

त्याच्या शेजारी मारुती सुझुकीचे प्रकरण ठेवले की फरक आणखी उघड होतो. विक्रेत्याने ठरावीक मर्यादेपलीकडे सवलत देऊ नये, असे धोरण कंपनी राबवत असल्याचा निनावी ई-मेल आयोगाकडे आला होता. चौकशीत दिसले की कंपनीने नेमलेल्या संस्थांची माणसे ग्राहक बनून विक्रेत्यांकडे जात, जादा सवलत मिळते का पाहत, आणि सापडलेल्या विक्रेत्याला दंड होई. ऑगस्ट २०२१ मध्ये आयोगाने कंपनीला ₹२०० कोटींचा दंड केला, ज्याविरुद्ध कंपनी अपिलात गेली. इतका मोठा हिस्सा असलेल्या कंपनीविरुद्धही आदेश कलम ३(४) मधील पुनर्विक्री किंमत बांधून ठेवण्याच्या तरतुदीवर उभा आहे, वर्चस्वाच्या गैरवापरावर नाही. कारण सोपे आहे : करार, त्याची अंमलबजावणी आणि शिक्षा, तिन्ही कागदावर होते. मात्र कंपनीचे बाजारातील बळ परिणाम ठरवताना विचारात आलेच. कलम ३(४) घेतले म्हणजे बळाचा प्रश्न टळला असे समजू नये. तो केवळ दाराशी न विचारता आत विचारला जातो.

कलम ४ पूर्वीइतके हलके राहिलेले नाही

कलम ४ च्या शब्दांत 'लक्षणीय प्रतिकूल परिणाम' हा शब्दप्रयोग नाही. त्यामुळे वर्चस्व सिद्ध झाले आणि वर्तन यादीत बसले की काम झाले, असा युक्तिवाद तक्रारदार करत असत. १३ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शॉट ग्लास प्रकरणात ही सवलत काढून घेतली. स्पर्धेला खरोखर हानी झाली किंवा होण्याची शक्यता आहे, याचे विश्लेषण कलम ४ मध्येही आवश्यक आहे, असे न्यायालयाने म्हटले. आपल्या दुरुस्तीवाल्यासाठी याचा अर्थ असा की "मला भाग मिळाले नाहीत" एवढे लिहून भागणार नाही. किती प्रयोगशाळांना उत्पादकाच्याच सेवेकडे वळावे लागले आणि नकारापूर्वी व नंतर त्यांनी दुरुस्तीसाठी किती मोजले, ही बिले दोन्ही कलमांसाठी लागतील.

एका बाबतीत मात्र कलम ४ अजूनही सरस आहे. उत्पादक पेटंट, डिझाइन, सॉफ्टवेअर यांची ढाल पुढे करणार हे जवळपास ठरलेले. कलम ३(५) अशा हक्कांच्या रक्षणासाठी घातलेल्या वाजवी अटींना सूट देते, पण ती सूट केवळ कलम ३ पुरती आहे. कलम ४ मध्ये तिच्यासारखी तरतूद नाही. मोटार प्रकरणात कलम ३ खालीही ही ढाल चालली नाही, कारण भारतात वैध असलेले हक्क कंपन्यांना नीट दाखवता आले नाहीत. पण प्रत्येक उत्पादक इतका गाफील असेलच असे नाही.

काही वेळा निवडीला जागाच नसते. उत्पादक आणि वितरक एकाच समूहातील कंपन्या असतील, तर त्यांच्यातील व्यवहार दोघांमधला करार मानला जात नाही. लॅम्बोर्गिनी प्रकरणात २०१२ मध्ये आयोगाने हीच भूमिका घेतली होती. तसेच २०२३ च्या कायदादुरुस्तीने उत्पादक व अंतिम ग्राहक यांच्यातील करार कलम ३(४) मधून वगळले आहेत. म्हणजे तक्रार दुरुस्तीवाल्याऐवजी प्रयोगशाळेने केली आणि विषय तिच्या खरेदी करारातील अट असेल, तर कलम ४ हीच वाट उरते.

परिणामांकडे पाहिले, तर कलम ३(४) आणि कलम ४ यांत फारसा फरक नाही. दंडाची मर्यादा एकच आहे, तडजोड आणि वचनबद्धतेची २०२३ मध्ये आलेली सोय दोन्हींना खुली आहे, आणि दंडातून सूट मिळवण्यासाठी आतून माहिती देण्याची योजना यांपैकी कोणत्याच प्रकरणाला लागू नाही, कारण ती कार्टेलसाठी, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या आपसातील संगनमतासाठी आहे. कंपनीचे विभाजन करण्याचा अधिकार तेवढा वर्चस्वाशी जोडलेला आहे, पण पुरवठा परत मिळवू पाहणाऱ्याने त्यावर वेळ घालवू नये.

आपल्या दुरुस्तीवाल्याजवळ वितरकाचा लेखी निरोप असेल आणि वितरक उत्पादकाच्या समूहातला नसेल, तर मी कलम ३(४) आधी मांडेन आणि उत्पादकाच्या थेट नकारासाठी कलम ४ स्वतंत्र प्रकरण म्हणून, स्वतःच्या बाजारपेठ-व्याख्येसह जोडेन. वितरक तोंडी बोलून मोकळा झाला असेल, तर कलम ४ पुढे येते आणि सगळी मेहनत बाजारपेठ ठरवण्यावर जाते : त्या यंत्रात दुसऱ्या उत्पादकाचा भाग बसतो का, नवे यंत्र घ्यायला किती खर्च येतो, प्रयोगशाळा यंत्र सरासरी किती वर्षे वापरते. वितरक नाव पुढे येण्याला घाबरत असेल, तर तो स्वतः माहिती दाखल करून ओळख गोपनीय ठेवण्याची लेखी विनंती करू शकतो. आणि दोन्ही नकारांवरच्या तारखा आधी तपासाव्यात, कारण तक्रारीचे कारण घडल्यापासून तीन वर्षांत माहिती दाखल झाली नाही, तर उशिराचे पुरेसे कारण द्यावे लागते, आणि उत्पादकाचे पत्र व वितरकाचा निरोप एकाच दिवसाचे असतीलच असे नाही.