रेट लिस्टमधून काढलेली एक ओळ

छापील पाऊच मागवणाऱ्या छोट्या व्यावसायिकांनी हे जरूर वाचावं. आमचा अ‍ॅडव्हान्स बुडाला, आणि तो पद्धतशीरपणे बुडवला गेला.

जुन्या सप्लायरकडे आम्ही नवी रेट लिस्ट आणि किमान ऑर्डर किती ते विचारलं. लिस्ट आली, त्यात लिहिलं होतं: 'एमओक्यू १०,००० नग'. आम्हाला दोन उत्पादनांचे प्रत्येकी दोन साइझ हवे होते, म्हणजे चार डिझाइन, प्रत्येकी २,५०० नग. फोनवर विचारलं तर उत्तर मिळालं, "हो हो, सगळं मिळून चालेल." निम्मी रक्कम भरली आणि लगेच सूर बदलला. १०,००० म्हणे प्रत्येक डिझाइनचे! एकतर ४०,००० पाऊच घ्या, नाहीतर अ‍ॅडव्हान्स विसरा.

रोटोग्रॅव्युअर छपाईत प्रत्येक रंगाचा सिलिंडर वेगळा कोरावा लागतो, आणि डिझाइन बदललं की सिलिंडरचा संचही बदलतो. सहा रंगांची चार डिझाइन म्हणजे २४ सिलिंडर. शिवाय दर वेळी मशीन लावताना बरीच फिल्म वाया जाते. त्यामुळे या छपाईत किमान ऑर्डर डिझाइनप्रमाणे असणं रास्तच आहे. ते लपवून पैसे घेणं मात्र रास्त नाही, आणि इथे ते लपवलंच होतं. आमच्याच धंद्यातल्या एका परिचिताला त्याच आठवड्यात तीच लिस्ट गेली होती. त्याच्या प्रतीत तळाला ओळ होती: 'किमान नग प्रति डिझाइन, प्रति साइझ; सिलिंडरचा खर्च वेगळा'. आमच्या प्रतीत ती जागा कोरी होती. तारीख नाही, दर कधीपर्यंत लागू तेही नाही. दोन्ही प्रती समोर ठेवल्यावर सप्लायरने फोन उचलणंच बंद केलं.

आता आम्ही नुसती लिस्ट मागत नाही. मेलवर असं विचारतो: "चार डिझाइन, प्रत्येकी २,५०० नग, एवढ्या ऑर्डरचा एकूण खर्च किती? किमान नग एकूण ऑर्डरला की प्रत्येक डिझाइनला? सिलिंडरचा खर्च किती, आणि पुढच्या ऑर्डरला तेच सिलिंडर वापरणार का? पाऊच किती मायक्रॉनचा? दर कोणत्या तारखेपर्यंत लागू?" उत्तर फोनवर आलं तर तेच मेलवर लिहून पाठवायला सांगतो. हेच मुद्दे प्रोफॉर्मा इनव्हॉइसवर उतरल्याशिवाय पैसे पाठवत नाही. "लिहून कशाला, विश्वास नाही का?" असं कोणी म्हणालं तर बोलणं तिथेच थांबवतो.

प्रत्येक डिझाइनचे थोडेच नग हवे असतील तर डिजिटल छपाईचा दर विचारा. तिथे सिलिंडर लागत नाहीत. नगामागे दर जास्त पडतो, पण न खपणाऱ्या पाऊचचा ढीग घरात साठत नाही. आमचे चारही डिझाइन शेवटी दुसरीकडे डिजिटल छपाईनेच छापून झाले.