दोन डिस्कचा नॅस, काही महिन्यांनंतर: “अजून १० टक्के शिल्लक” म्हणे!

स्पेक्स सगळ्यांना पाठ आहेत, त्यात शिरत नाही. दादरच्या आमच्या आर्किटेक्ट ऑफिसात पावसाळ्याआधी हा नॅस, म्हणजे सगळ्यांच्या फाइल एकत्र ठेवणारा नेटवर्कवरचा डबा, बसवला. आवाज नाही, कटकट नाही, मी खूश. दिवाळीनंतर मात्र सकाळी सगळे कामाला बसले की ड्रॉइंग उघडता उघडेना. सर्व्हिसचा मुलगा आला, डिस्कवरचा ताण दाखवणारी `iostat` कमांड बघून म्हणाला, “साहेब, डिस्क ९० टक्केच बिझी आहे, अजून १० टक्के शिल्लक. तरी स्लो वाटत असेल तर मोठं मॉडेल घ्या.” सोबत कोटेशन. आकडा बघून माझं डोकंच फिरलं.

त्या १० टक्क्यांवरच माझा सगळा राग आहे. सूत्र एवढंच:

```
U = X × S
R = S / (1 − U)
```

X म्हणजे सेकंदाला येणाऱ्या विनंत्या, S म्हणजे रांग नसताना एका विनंतीला लागणारा वेळ, U म्हणजे डिस्क किती गुंतलेली, आणि R म्हणजे रांगेसकट एकूण वेळ. ७२०० आरपीएमच्या डिस्कवर हेड सरकायला साधारण ८ मिलिसेकंद आणि अर्धी फेरी ४, म्हणून S धरा १२. पूर्वी एका डिस्कवर सेकंदाला ५० विनंत्या यायच्या: U ०.६, R ३० मिलिसेकंद. आता ७५ येतात: U ०.९, R थेट १२०. काम दीडपट, वाट बघणं चौपट. एक ड्रॉइंग उघडताना एकामागून एक २०० बारीक वाचनं झाली, तर ६ सेकंदांचे २४ होतात.

मग `iostat -x 5` लावून बसलो. पहिला रिपोर्ट मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी देतो, तो सोडायचा. पुढच्यांत `r_await`, म्हणजे वाचनाच्या एका विनंतीला रांगेसकट लागलेला सरासरी वेळ, ९० मिलिसेकंदांच्या आसपास, १२० नाहीच. सूत्रावर जरा शंका आली. पण रांग लांबली की डिस्क विनंत्यांचा क्रम लावून हेडची धावपळ वाचवते, म्हणजे S घटतो. शिवाय अडकलेला माणूस पुढची फाइल मागत नाही, त्यामुळे रांगही आपोआप आवरते. सूत्र दोन्ही धरत नाही. नेमका आकडा चुकतो, पण ६०च्या पुढे वाट कशी झपाट्याने वाढते ते बरोबर दाखवतं.

जादा २५ विनंत्या कोणाच्या? अपडेटनंतर आपोआप सुरू झालेल्या थंबनेल इंडेक्सिंगच्या. ते रात्री दोनवर ढकललं, `r_await` तिशीत आलं. खर्च शून्य. नॅसला चार तारे, सर्व्हिसला एक, तोही मुलगा वेळेवर आला म्हणून.

दिवसा `%util`, म्हणजे वरचा U टक्क्यांत, ७०च्या वर टिकायला लागलं की एसएसडी घेईन. तिथे मात्र हा हिशेब `%util`वरून करता येणार नाही: एसएसडी बऱ्याच विनंत्या एकाच वेळी उरकतो, त्यामुळे १०० दिसलं तरी क्षमता बाकी असू शकते. तेव्हा फक्त `await` बघायचं.