ठिबकची नळी आणि पाण्याची बाटली: अॅडिशन की कंडेन्सेशन?

रावेरकडच्या कुठल्याही केळीच्या बागेत पायाशी ठिबकची काळी नळी दिसते आणि बांधावर कुणीतरी टाकलेली पाण्याची रिकामी बाटली. आपण दोन्हींना प्लास्टिकच म्हणतो. रसायनशास्त्राच्या पेपरात मात्र नळी अॅडिशन पॉलिमरच्या रकान्यात जाते आणि बाटली कंडेन्सेशन पॉलिमरच्या. यामागचं कारण समजलं की यादी घोकावी लागत नाही.

नळी पॉलिथीनची. तिचा मोनोमर, म्हणजे जो छोटा रेणू पुन्हा पुन्हा जोडून लांब साखळी बनते तो, इथीन, CH₂=CH₂. त्यातला दुहेरी बंध उघडतो आणि रेणू शेजारच्या रेणूचा हात धरतो. इथीनचं रेणुवस्तुमान 28, साखळीतल्या एका तुकड्याचंही 28. हजार रेणू जोडले तर 28,000. घातलं तेवढं सगळं साखळीत बसतं, बाहेर काही पडत नाही.

बाटली पीईटीची, म्हणजे पॉलिस्टरची. कापडात तेच टेरिलीन म्हणून येतं. इथे इथिलीन ग्लायकॉलच्या दोन टोकांना –OH असतात आणि टेरेफ्थॅलिक आम्लाच्या दोन टोकांना –COOH. एकाचं वस्तुमान 62, दुसऱ्याचं 166, बेरीज 228. पण साखळीत पुन्हा पुन्हा येणारा तुकडा फक्त 192 चा भरतो. उरलेले 36 म्हणजे पाण्याचे दोन रेणू. प्रत्येक एस्टर बंध तयार होताना पाण्याचा एक रेणू निसटतो. वजाबाकीत काही निसटलेलं दिसलं की ते कंडेन्सेशन.

माझ्याकडे शिकणारी बरीच मुलं इथे एक चुकीचा नियम धरून बसतात: एक मोनोमर असेल तर अॅडिशन, दोन असतील तर कंडेन्सेशन. या नियमाने हमखास मार्क जातात. टायरमध्ये वापरलं जाणारं ब्यूना-एस ब्यूटाडाईन आणि स्टायरीन या दोन मोनोमरपासून बनतं, तरी ते अॅडिशन आहे, कारण दोघांतही C=C आहे आणि काहीच बाहेर पडत नाही. म्हणून मोनोमर मोजू नका, त्यांची टोकं बघा. C=C जोडलं जात असेल तर अॅडिशन. –OH, –COOH, –NH₂ अशी टोकं एकमेकांत गुंतत असतील तर कंडेन्सेशन.

अडचण येते ती नायलॉन-6 पाशी. त्याचा मोनोमर एकच, कॅप्रोलॅक्टम, वस्तुमान 113, आणि साखळीतला तुकडाही 113 चाच. त्याचा कड्यासारखा बंद रेणू उघडतो आणि साखळी वाढते, एकूण हिशोबात पाणी जात नाही. तरी साखळीत अमाइड बंध असल्यामुळे पुस्तकं त्याला नायलॉन-66 शेजारी पॉलिअमाइडमध्ये, कंडेन्सेशनच्या गटात बसवतात. चाचणीत तेच लिहा, पण वजाबाकीची खूण इथे चालत नाही हे ध्यानात ठेवा.

घरी एक गोष्ट करून बघा. रिकाम्या बाटलीचा कापलेला तुकडा आणि तिचं झाकण बादलीत टाका. तुकडा पाण्याखाली नीट बुडवून वरचे बुडबुडे झटका. तो तळाशी जातो, झाकण तरंगतं. झाकण बहुधा पॉलिप्रोपिलीन किंवा एचडीपीईचं असतं, म्हणजे अॅडिशन. एकाच बाटलीत दोन्ही प्रकार सापडले! पण बुडतं ते कंडेन्सेशन असा अर्थ काढू नका. पीव्हीसी पाइपाचा तुकडाही बुडतो आणि पीव्हीसी अॅडिशन आहे. जड क्लोरीनमुळे तो पाण्यात खाली जातो.

खरा फरक साखळीच्या कण्यात आहे. ठिबकमध्ये क्षार साचले की शेतकरी पाण्यातून अॅसिड सोडतात. क्षार विरघळतात, नळीला काही होत नाही, कारण तिच्या कण्यात फक्त कार्बन-कार्बन बंध आहेत आणि ते अॅसिड तोडू शकत नाही. तिला त्रास उन्हाचा होतो, म्हणून तर तिच्यात काजळी मिसळून ती काळी करतात. उलट पीईटीच्या कण्यात एस्टर बंध आहेत. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात तापवलं की ते तुटतात, आणि ग्लायकॉल व आम्लाचा क्षार सुटा होतो.

उपयोगांत घोळ होतो तो सारख्या नावांमुळे. पॉलिस्टायरीन म्हणजे थर्माकोल, अॅडिशन. पॉलिस्टर म्हणजे कापड आणि बाटली, कंडेन्सेशन. स्वेटरचं अॅक्रिलिक लोकरीसारखं दिसतं, पण ते पॉलिअॅक्रिलोनायट्राइल, अॅडिशन. खुर्च्या आणि सिरिंज पॉलिप्रोपिलीनच्या, नॉनस्टिक तव्याचा थर टेफ्लॉनचा, दोन्ही अॅडिशन.

कुकरच्या मुठीचं बेकेलाइट फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडपासून बनतं. ते कंडेन्सेशन आहे, शिवाय साखळ्या आडव्या बंधांनी जखडलेल्या असल्यामुळे तापवलं तरी वितळत नाही. म्हणून सगळी कंडेन्सेशन प्लास्टिकं न वितळणारी, असं मात्र लिहू नका: नायलॉन आणि पीईटी वितळवूनच त्यांचे धागे ओढतात.