ऊसतोड बायकांच्या पिशवी काढण्यावर प्रबंध करायचाय: एनएफएचएस घ्यावा, लासी घ्यावा की एनएसएस?

दरवर्षी एमए आणि पब्लिक हेल्थच्या पोरापोरींकडून हा प्रश्न येतो, बीडच्या ऊसतोड बायकांमध्ये गर्भाशय काढण्याचं प्रमाण जास्त आहे का ते बघायचंय, फील्डवर्कला ना पैसा ना वेळ, मग सरकारी डेटा फुकट मिळतोय तर त्यातलाच कुठला घेऊ? विषय महत्त्वाचा आहे म्हणूनच सविस्तर लिहितोय, कारण डेटा चुकीचा निवडला की सहा महिने घासून शेवटी हाती येणाऱ्या आकड्याचा ऊसतोडीशी काही संबंधच नसतो.

या प्रश्नात तीन गोष्टी एकाच बाईबद्दल एकत्र माहीत असायला लागतात. तिची पिशवी काढलीये का, ती ऊसतोडीला जाते का, आणि घर सोडून किती महिने बाहेर असते. या तिन्ही गोष्टी एकत्र देणारा डेटा या तिघांत एकही नाही. म्हणून कुठला डेटा चांगला यापेक्षा, कुठल्या डेटासाठी आपला प्रश्न किती बदलायला लागेल हे आधी बघा.

एनएफएचएस-५ पासून, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीपासून सुरू करू, कारण बहुतेक जण तोच उचलतात, आणि त्यात चूकही नाही. १५ ते ४९ वयाच्या बायकांना पिशवी काढली का हे थेट विचारलंय, शिवाय कुठल्या वयात, सरकारी दवाखान्यात की खासगी, कारण काय सांगितलं होतं, तेही. देशभरात सुमारे ६ लाख ३७ हजार घरं आणि ७०७ जिल्हे, म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी ९०० घरं आणि हजारेक बायका. इथपर्यंत वाचून सगळे खूश होतात.

पण कामाचा प्रश्न सगळ्यांना विचारलेलाच नाहीये! तो राज्य मॉड्यूलमध्ये आहे आणि ते मॉड्यूल साधारण १५ टक्के घरांपुरतंच आहे. फाइल उघडल्यावर पहिल्यांदा हे टाका (स्टाटामध्ये, v717 हा कामधंद्याचा रकाना, महाराष्ट्राचा कोड 27):

```
tab v717 if v024==27, missing
```

बहुसंख्य बायकांच्या रकान्यात उत्तरच नाही असं दिसेल. फाइल खराब नाहीये, त्यांना विचारलंच नव्हतं. बीडपुरता हिशोब करून बघा, हजार बायका धरल्या तर कामाची माहिती असलेल्या उरतात दीडशेच्या आसपास. त्यातल्या पन्नास शेतीकामात निघाल्या असं समजू. v717 मध्ये ऊसतोड असा वेगळा वर्ग नाही, स्वतःच्या शेतात राबणारी आणि कोयता घेऊन कारखान्यावर जाणारी दोघी शेतीतच पडतात. त्या पन्नासांत पाच जणींची पिशवी काढलेली असली तर प्रमाण १० टक्के, आणि एखादी बाई इकडची तिकडे झाली की ८ नाहीतर १२. एवढ्यावर कुठलाही निष्कर्ष उभा राहत नाही, कितीही भारी रिग्रेशन चालवलं तरी.

दुसरी अडचण मोसमाची. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी दिवाळीच्या आगेमागे घर सोडतात ती मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत, आणि घराला कुलूप असेल तर सर्व्हेवाले त्याच्या जागी दुसरं घर घेत नाहीत. महाराष्ट्रात हा सर्व्हे जून ते डिसेंबर २०१९ मध्ये झाला, म्हणजे काही गावं तोडीच्या आधी झाली, काही तोड सुरू झाल्यावर झाली असणार. यावर एक सोपी तपासणी आहे जी फार कमी लोक करतात: मुलाखतीचा महिना v006 मध्ये असतो, तो बीडच्या क्लस्टरनुसार काढा. मुलाखती पावसाळ्यातल्या असतील तर काळजी कमी, नोव्हेंबर-डिसेंबरच्या असतील तर ज्या बायकांबद्दल लिहायचंय त्याच सॅम्पलमध्ये नसण्याची शक्यता जास्त, आणि ही उणीव वेट लावून भरून निघत नाही.

लासीचं थोडक्यात सांगतो. आयआयपीएस या संस्थेचा ४५ वर्षांवरच्या लोकांचा सर्व्हे, पहिली फेरी २०१७-१८ ची. पिशवी काढल्याचा प्रश्न आहे, कामधंद्याची माहिती एनएफएचएसपेक्षा बरीच खोल आहे, आणि एनएफएचएस ४९ ला थांबतो त्यापुढच्या बायका यात सापडतात. पण रचना राज्याच्या पातळीची आहे, बीडसाठी वेगळा आकडा काढायचा मोह आवरा. पिशवी काढलेल्या बायकांच्या पुढच्या तब्येतीवर लिहायचं असेल, हाडं, सांधे, बीपी वगैरे, तर तीनपैकी हाच घ्या. ऊसतोडीसाठी नको.

एनएसएसची, म्हणजे राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची ६४ वी फेरी (जुलै २००७ ते जून २००८) मला स्वतःला फार आवडते, जुनी असली तरी. हंगामी स्थलांतर यात नीट विचारलंय, कामासाठी किंवा कामाच्या शोधात गेल्या वर्षात एक महिना किंवा जास्त पण सहा महिन्यांपेक्षा कमी बाहेर राहिलेली माणसं. आता ऊसतोड किती चालते बघा, पाच महिने, चांगला ऊस असला की सहा. म्हणजे सहा महिन्यांची रेघ बरोब्बर त्यांच्याच डोक्यावरून जाते, लवकर परतलेलं जोडपं मोजलं जातं आणि जास्त थांबलेलं व्याख्येतून बाहेर पडतं. आणि आरोग्याचं म्हणाल तर पिशवीबद्दल या फेरीत अवाक्षर नाही. कुठल्या थरातली घरं बाहेर जातात, जमीन किती, जात कुठली, एवढ्यासाठी मात्र चांगली.

इथे हमखास कोणीतरी म्हणतं की सरकारच्या समितीचा आकडा आहे ना! आहे. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती, बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे जवळपास १७ टक्के. हा आकडा गंभीर आहे आणि प्रबंधात आलाच पाहिजे. पण तो एनएफएचएसच्या देशपातळीच्या ३.३ टक्क्यांशेजारी ठेवून पाचपट असं लिहू नका, कारण त्या ३.३ मध्ये १५ ते २५ च्या मुलीही मोजल्यात जिथे हे ऑपरेशन जवळपास नसतंच. तुलना करायची तर दोन्हीकडे वयोगट सारखे करून करा, आणि बीडमधल्याच ऊसतोडीला न जाणाऱ्या बायका शेजारी पाहिजेत, त्या या पाहणीत नाहीत.

मग काय घ्यायचं? माझं मत स्पष्ट आहे, एनएफएचएसच घ्या पण प्रश्न बदला. ३० ते ४९ वयाच्या ग्रामीण बायका घ्या, बीड आणि आसपासचे ऊसतोड पुरवणारे जिल्हे एका गटात, बाकीचा ग्रामीण महाराष्ट्र दुसऱ्या गटात, आणि पिशवी काढण्याचं प्रमाण, वय, खासगी दवाखान्याचा वाटा यात फरक आहे का ते बघा. कामाचा रकाना लागतच नाही, त्यामुळे सॅम्पल दीडशेवर येत नाही. जमलं तर एनएफएचएस-४ शी पण ताडून बघा, प्रश्न त्यातही होता.

यातून जे निघेल ते जिल्ह्यांबद्दल असेल, ऊसतोड बाईबद्दल नाही. बीडमध्ये प्रमाण जास्त निघालं तरी त्या बायका ऊसतोडीच्याच होत्या हे सिद्ध होत नाही, खासगी दवाखान्यांची संख्या, लवकर लग्न, लवकर नसबंदी यानेही तसंच चित्र दिसू शकतं, आणि हे वाक्य प्रबंधाच्या शीर्षकापासूनच पाळा, शेवटी मर्यादांमध्ये ढकलू नका. खाड्याच्या भीतीने ऑपरेशन केलं का, मुकादमाने सुचवलं का, डॉक्टरने कॅन्सरची भीती घातली का, हे ज्यांना विचारायचंय त्यांनी यातला एकही डेटा डाउनलोड करू नये. वीस-पंचवीस बायकांशी मे-जूनमध्ये, त्या घरी असताना, नीट बोलून या.