जुन्या लॅपटॉपवरचे फोटो नॅसवर नेताना: ओढून टाकणं, रोबोकॉपी की आरसिंक?

नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेली साठवणुकीची पेटी, घेऊन झालाय, डिस्क बसवल्यात, फोटोंसाठी शेअर्ड फोल्डरही तयार आहे. आता लॅपटॉपवरचे पंधरा-वीस वर्षांचे फोटो तारखांसकट तिकडे कसे न्यायचे, एवढाच प्रश्न उरलाय, असं धरून लिहितो. माझा लॅपटॉप विंडोज ७ चा. फोटो साधारण ३०० जीबी: डिजिटल कॅमेऱ्याचे, फोनचे, स्कॅन केलेले जुने अल्बम आणि व्हॉट्सॲपवर आलेला ढीग.

हा ढीगच खरी परीक्षा घेतो. कॅमेऱ्याच्या फोटोची तारीख फाइलच्या आत, एक्झिफ नावाच्या नोंदीत असते. फाइल जशीच्या तशी कॉपी झाली की ती तारीखही सोबत जाते, मग तुम्ही कुठलाही मार्ग घ्या. व्हॉट्सॲप मात्र फोटो पाठवताना एक्झिफ काढून टाकतं. `IMG-20160512-WA0003.jpg` अशा फाइलची तारीख दोनच ठिकाणी उरते: नावात, आणि फाइल सिस्टिममधल्या ‘मॉडिफाइड’ तारखेत. स्कॅनमध्ये तर बहुधा स्कॅन केल्याचा दिवस असतो, तोही नसला तर फक्त मॉडिफाइड तारीख. नॅसवरची बहुतेक फोटो ॲप्स एक्झिफ मिळालं नाही की या फाइल-तारखेकडे वळतात. ती कॉपी करताना बदलली, तर २०१६ सालच्या बारशाचे फोटो आजच्या तारखेखाली येऊन बसतात.

‘क्रिएटेड’ तारखेसाठी लोक जास्त जीव टाकतात, पण मला ती तितकी मोलाची वाटत नाही. कार्डावरून लॅपटॉपवर फोटो उतरवले की विंडोज ‘क्रिएटेड’मध्ये उतरवल्याचा दिवस लिहितं आणि ‘मॉडिफाइड’ जुनीच ठेवतं. म्हणून पुष्कळदा ‘क्रिएटेड’ ही ‘मॉडिफाइड’च्या नंतरची दिसते. जपायची ती मॉडिफाइड.

एक्सप्लोररमध्ये फोल्डर उचलून नॅसवर टाकणं हा सगळ्यांचा पहिला विचार. तारखांच्या बाबतीत तो वाटतो तितका वाईट नाही. फाइलची मॉडिफाइड तारीख टिकते. क्रिएटेड बदलते आणि फोल्डरांच्या तारखा आजच्या होतात. अडचण येते ती कॉपी मध्येच तुटली तर. शंभर एमबीपीएसच्या जुन्या पोर्टवर सेकंदाला जेमतेम ११ एमबी जातात, म्हणजे ३०० जीबीला साडेसात तासांच्या वर. एवढ्या वेळात एखादी फाइल वाचता आली नाही की ‘ट्राय अगेन की स्किप’ विचारणारी खिडकी उघडते आणि सकाळपर्यंत तुमच्या उत्तराची वाट बघत बसते. नेटवर्क तुटलं तर अर्धवट लिहिलेली फाइल नॅसवर मूळ नावानेच राहू शकते. दुसऱ्या खेपेला ‘आहे ते सोडा’ म्हटलं की ती अर्धवट फाइलही ‘आहे’ या हिशेबात धरली जाते. वरचा भाग ठीक आणि खाली राखाडी पट्टा, असा फोटो कुठे दिसला तर बहुधा हेच घडलेलं असतं. दहा-पंधरा जीबीसाठी ओढून टाकायला माझी हरकत नाही, त्यापुढे नको.

बाहेरच्या यूएसबी डिस्कवर घेऊन ती नॅसला लावायची, हाही मार्ग आहे, आणि डिस्क एनटीएफएस असेल तर तो चालून जातो. एफएटी३२ मात्र वेळ स्थानिक घड्याळाप्रमाणे लिहितं आणि टाइमझोन कुठेच नोंदवत नाही. नॅसने ती वेळ यूटीसी समजून वाचली, तर प्रत्येक फाइल साडेपाच तास पुढे सरकते. संध्याकाळी साडेसहानंतरचा प्रत्येक फोटो मग दुसऱ्या दिवशी जातो. लग्नाचे स्वागत समारंभ आणि गणपतीच्या आरत्या नेमक्या त्याच वेळेच्या.

उरले दोघे, रोबोकॉपी आणि आरसिंक: कमांड देऊन फाइली कॉपी करणारे प्रोग्रॅम. रोबोकॉपी विंडोजमध्ये व्हिस्टापासून आहेच, वेगळं काही घालावं लागत नाही. नॅसचा शेअर उघडतो ना, एवढं पाहायचं आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये हे द्यायचं:

```
robocopy D:\Photos \\nas\photo /E /COPY:DAT /DCOPY:T /R:1 /W:2 /FFT /XF Thumbs.db /UNILOG:D:\photo-log.txt /TEE
```

यातल्या काही गोष्टी सोडून चालत नाही. `/COPY:DAT` म्हणजे मजकूर, ॲट्रिब्यूट आणि वेळा. हे न लिहिताही होतं, पण दिसलेलं बरं. फोल्डरांच्या तारखा मात्र आपसूक येत नाहीत, त्यासाठी `/DCOPY:T` लागतं (विंडोज १० वर `/DCOPY:DAT` द्या). `/R:1 /W:2` सगळ्यात महत्त्वाचं. फाइल वाचता आली नाही तर रोबोकॉपी मुळात दहा लाख वेळा प्रयत्न करतं, दर वेळी तीस सेकंद थांबून. जुन्या हार्डडिस्कवर एक सेक्टर खराब निघाला तरी ते तिथेच ठाण मांडतं. `/FFT` दोन सेकंदांपर्यंतचा फरक माफ करतं. हे नसेल तर लॅपटॉप आणि नॅस फाइलची वेळ किती बारकाईने नोंदवतात यातल्या सूक्ष्म फरकामुळे दुसऱ्या खेपेला त्याच फाइली पुन्हा जाऊ शकतात. `/UNILOG` घेतला नाही तर ‘आजीची पंचाहत्तरी’ अशा देवनागरी नावांच्या जागी लॉगमध्ये प्रश्नचिन्हं दिसण्याची शक्यता असते. `/MIR` मात्र नको. ते मूळ फोल्डरमध्ये नसलेलं सगळं नॅसवरून पुसतं, आणि नॅसवर आधी कोणी काही ठेवलं असेल तर तेही जाईल.

आरसिंक हे मुळात लिनक्सच्या घरातलं. विंडोज ७ वर ते सिगविनमधून, म्हणजे विंडोजवर लिनक्सची साधनं चालवून देणाऱ्या प्रोग्रॅममधून, चालवावं लागतं आणि नॅसवर एसएसएच सुरू करावं लागतं. पण साधन म्हणून ते जास्त नेटकं आहे, हे मान्य करायलाच हवं. फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहितं आणि पूर्ण झाल्यावरच खरं नाव देतं, त्यामुळे अर्धवट फोटो मूळ नावाने कधीच दिसत नाही. वाचता न आलेली फाइल सोडून पुढे जातं आणि शेवटी सांगतं. गंमत म्हणजे वाचता न येणाऱ्या सेक्टरसाठी विंडोजचा एरर २३ आहे आणि काही फाइली राहिल्याचा आरसिंकचा कोडही २३.

तरी माझं मत फिरलं ते परवानग्यांवरून. आरसिंक म्हटलं की जो तो `-a` सांगतो. त्या `-a` मध्ये वेळा येतात, तशा परवानग्याही येतात. सिगविन विंडोजच्या परवानग्या लिनक्सच्या साच्यात बसवायचा प्रयत्न करतं आणि जे निघतं त्याला फारसा अर्थ नसतो. तेच नॅसवरच्या प्रत्येक फाइलवर लिहिलं जातं, आणि शेअरवर आपण नीट लावलेले हक्क त्याखाली दबतात. माझ्याकडे कॉपी छान झाली, वेळा अगदी बरोबर आल्या, आणि संध्याकाळी टीव्हीवर निम्मे फोल्डर उघडेनात. घरच्यांना तारखा बरोबर आहेत हे सांगून काही उपयोग नसतो. बाकीचे फोल्डर मात्र उघडायचे, त्यामुळे दोष टीव्हीचा, ॲपचा की नॅसचा, हेच कळायला वेळ गेला. ओळखायची खूण सोपी आहे: नॅसच्या ॲडमिन खात्याने सगळं दिसतं, आणि साध्या खात्याने दिसत नाही.

यावर उपाय आहे, आणि तो आरसिंकच्या स्वतःच्या मॅन्युअलमध्येच दिलेला आहे. परवानग्या न्यायच्याच नाहीत, तिकडच्या नियमाप्रमाणे होऊ द्यायच्या:

```
rsync -rt --no-p --chmod=ugo=rwX /cygdrive/d/Photos/ user@nas:/volume1/photo/
```

`-t` विसरलात तर मात्र सगळ्या फाइलींना आजची तारीख लागते आणि मूळ हेतूच फसतो. `Photos/` मधली शेवटची तिरकी रेघ राहिली तर नॅसवर `photo` च्या आत आणखी एक `Photos` तयार होतो. म्हणजे हे सगळं जमतं, पण आधी माहीत असावं लागतं. रोबोकॉपी शेअरच्या दारातून आत जातं, त्यामुळे नव्या फाइलींना तिथल्या फोल्डरचे हक्क आपोआप लागतात. `/COPY:DAT` मध्ये परवानग्या नाहीतच. माझ्यासारख्या, घरच्या चौघांनी फोटो बघावेत एवढीच अपेक्षा असणाऱ्याला हे पुरेसं वाटतं. तुमच्याकडे लिनक्स असेल किंवा मॅक असेल तर हा वाद संपलाच, आरसिंकच घ्या.

मेटाडेटाचा एक कोपरा मात्र दोघांनाही लागू आहे. पिकासा वापरलं असेल तर तारे, चेहऱ्यांची नावं आणि सेव्ह न केलेले बदल प्रत्येक फोल्डरमधल्या `.picasa.ini` या लपलेल्या फाइलमध्ये असतात, आणि बदल केलेल्या फोटोंच्या मूळ प्रती `.picasaoriginals` मध्ये. एक्सप्लोररमध्ये फोल्डरच्या आत शिरून ‘सिलेक्ट ऑल’ केलं आणि लपलेल्या फाइली दिसत नसतील, तर त्या मागेच राहतात. रोबोकॉपी आणि आरसिंक दोघंही त्या घेऊन जातात. म्हणून `/XF` मध्ये `*.ini` टाकू नका.

पडताळणीत मात्र आरसिंकचं पारडं जड आहे. दोन्ही टोकांना ते आपापल्या डिस्कवरून फाइल वाचून चेकसम काढतं आणि नेटवर्कवरून फक्त निकाल जातो:

```
rsync -rcni --exclude=Thumbs.db /cygdrive/d/Photos/ user@nas:/volume1/photo/
```

काहीच छापलं नाही तर मजकूर जुळला. `-n` असल्याने तिकडे काही लिहिलं जात नाही, त्यामुळे परवानग्यांची भीतीही नाही. सिगविन आधीच घातलेलं असेल तर रोबोकॉपीनंतर एकदा हे चालवायला माझा विरोध नाही. नसेल तर रोबोकॉपीची तीच कमांड पुन्हा द्या आणि शेवटचा तक्ता बघा. ‘कॉपीड’खाली फाइलींच्या ओळीत शून्य हवं, ‘फेल्ड’खालीही शून्य. याने फक्त आकार आणि वेळ जुळल्याचं कळतं, आतल्या मजकुराचं नाही. पण तारखा नीट उतरल्याची हीच पावती. `echo %ERRORLEVEL%` वर ८ पेक्षा कमी आकडा आला तर घाबरायचं कारण नाही. १ आला तर फाइली नीट कॉपी झाल्या, एवढाच त्याचा अर्थ.

‘फेल्ड’मध्ये फाइली दिसल्या तर लॉगमध्ये `ERROR 23` शोधा. त्या फाइली जुन्या डिस्कवरच खराब झालेल्या असतात, साधन बदलून त्या येणार नाहीत. फोनमध्ये, नातेवाइकांकडे किंवा जुन्या डीव्हीडीवर त्यांची दुसरी प्रत मिळतेय का, ते लॅपटॉप फॉरमॅट करायच्या आधी बघा.