थप्पीच्या फोटोवरून पोती मोजायची : समोरून की कोपऱ्यातून?

गोदामातल्या थप्पीचा एकच फोटो हाती असला की मागच्या ओळी कशा धरायच्या, असं एका मित्राने विचारलं.

समोरचा फोटो काढायला सोपा, पण गुणाकारात फसवतो. थप्पी पक्की राहावी म्हणून एका थरात पोत्याची तोंडं समोर येतात, पुढच्या थरात पोती आडवी. समजा, तोंडांच्या थरात समोर १५ पोती आणि खोली ६, तर आडव्या थरात समोर १०, खोली ९. दोन्ही थरांत ९०च. बारा थरांची १०८०. पण समोर दिसणारी १५० पोती सरसकट ६ ने गुणली तर ९००, ९ ने गुणली तर १३५०!

कोपऱ्यातून काढलेल्या फोटोत दोन्ही बाजू दिसतात, म्हणून प्रत्येक थराची खोली वेगळी मोजता येते. त्यासाठी थप्पीच्या निदान एका कडेला वाट मात्र हवी. दोन्ही कडा भिंतीला किंवा शेजारच्या थप्पीला टेकल्या असतील तर हा मार्ग बंद.

वरचा अर्धवट थर आणि मधली पोकळी दोन्हींत दिसत नाही. थरासाठी शिडीवरून एक फोटो घ्या. पोकळीला फोटो उपयोगाचा नाही.

रोजच्या अंदाजाला समोरचा फोटो चालेल, पण थर वेगळे धरून. पावती किंवा तारण असेल तर कोपऱ्याचा, आणि शंका आली तर थप्पी मोडून मोजणी.