स्क्रीन शेअर करताना आवाज का जातो: झूमच्या Share sound चा आठ महिन्यांचा वापर

वाडीतल्या मंडळाच्या मीटिंगा आता झूमवरच होतात, कारण निम्मे सभासद चाकरमानी. गणपतीच्या आधी जाखडीच्या तालमीचं रेकॉर्डिंग मुंबईकरांना ऐकवायचं असतं, आणि तिथेच घोळ होतो. चित्र व्यवस्थित दिसतं. आवाज मात्र येतो, बुडतो, पुन्हा येतो. अशा वेळी सगळे नेटला दोष देतात. आठ महिन्यांच्या वापरात दिसलं ते असं, की बहुतेक वेळा नेटचा काही संबंध नसतो.

स्क्रीन शेअर केली म्हणजे जातं ते फक्त चित्र. लॅपटॉपमध्ये वाजणारा आवाज वेगळा पाठवावा लागतो. तो पाठवला नाही तरी समोरच्यांना थोडंफार ऐकू येतं, कारण स्पीकरमधून बाहेर पडलेला आवाज माईक उचलतो. हाच आवाज तुटतो. लॅपटॉप स्वतः जे वाजवतोय ते माईकमधून परत जाऊ नये म्हणून झूम ते वजा करत असतं. तसं केलं नाही तर समोरच्याला स्वतःचंच बोलणं प्रतिध्वनीसारखं ऐकू येईल. शिवाय मागची गडबड दाबणारी सोय ढोलकी, झांज आणि घुंगरू यांनाही गडबडच समजते. म्हणून चार मिनिटांच्या जाखडीत गणाची पहिली ओळ जेमतेम पोचते, आणि ढोलकी चढली की गाणाऱ्याचे शब्दही तिच्याबरोबर गायब होतात. कानात हेडफोन असेल तर माईकला काहीच मिळत नाही, मग पलीकडे पूर्ण शांतता.

आवाज कुठल्या वाटेने जातोय हे ओळखायची खूण सोपी आहे. रेकॉर्डिंग चालू असताना स्वतःचा माईक म्यूट करा. समोरच्यांना ऐकू येणारा आवाज बंद झाला तर तो माईकमधून जात होता. चालूच राहिला तर सरळ लॅपटॉपमधून जातोय.

विंडोज लॅपटॉपवर Share दाबलं की खिडक्यांची यादी उघडते. तिथे रेकॉर्डिंगची खिडकी निवडायची, आणि निळं बटण दाबायच्या आधी खाली Share sound वर खूण करायची. त्याच्याच बाजूच्या बाणात Mono आणि Stereo मिळतं. तालमीच्या रेकॉर्डिंगला Mono पुरतं. व्हिडिओत नाचाची पावलं दाखवायची असतील तर Optimize for video clip लावा, नुसती कागदपत्रं दाखवताना नको, अक्षरं धूसर होतात. खूण विसरून शेअर सुरू झालंच, तर वरच्या पट्टीतल्या More मध्ये Share sound पुन्हा सापडतं. गाणं वाजत असेपर्यंत माईक म्यूटच ठेवावा. शेअर केलेला आवाज त्याने थांबत नाही, आणि खोलीतली बडबड गाण्यात मिसळत नाही.

गूगल मीटची रीत वेगळी. क्रोममध्ये गाणं एका टॅबमध्ये लावून तो टॅबच शेअर करायचा आणि Also share tab audio चालू ठेवायचं. टॅबऐवजी खिडकी निवडली की कधी कधी आवाज जातच नाही, आणि बऱ्याच जणांचं तिथेच चुकतं.

खूण असूनही मध्येच आवाज गेला, तर आधी टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आवाज कुठे वाजतोय ते बघा. ब्लूटूथ स्पीकर शेअर चालू असताना जोडला गेला की विंडोज आवाज तिकडे वळवतं, आणि शेअर कधी जुन्याच ठिकाणी ऐकत बसतं. शेअर थांबवून पुन्हा सुरू केलं की बहुधा जमतं. त्यापेक्षा बरं म्हणजे स्पीकर मीटिंगच्या आधीच जोडणं.

नेटचा खरा प्रश्न पावसात येतो. लाइट गेली, राउटर बंद पडला, लॅपटॉप मोबाईलच्या हॉटस्पॉटवर आला, की शेअर सुटतं. परत मीटिंगमध्ये आल्यावर शेअर नव्याने करायचं आणि Share sound ची खूण पुन्हा बघायची. सिग्नल कमजोर असेल तर चित्राचा नाद सोडा. शेअरच्या Advanced भागात Computer Audio आहे, त्यातून फक्त आवाज जातो. चाल आणि शब्द ऐकवायला तेवढं पुरतं, आणि व्हिडिओचा भार वाचल्यामुळे तो कमी तुटतो.

एक गोष्ट मात्र यातून होत नाही: दोन्ही टोकांनी एकाच वेळी म्हणणं. इथली ढोलकी मुंबईला थोडी उशिरा पोचते, तिथलं कोरस परत यायला आणखी वेळ लागतो, आणि ताल सुटतो. म्हणून तालीम ऐकवताना मुंबईकरांनी माईक म्यूट ठेवून आपल्या जागी म्हणावं, आणि चाल बसली का ते मग एकेकाने म्हणून दाखवावं.